चिमणी तापवायची कधी, जाळी घासायची कधी

दुकानात चिमणी दाखवणारा विक्रेता काचेवरच्या ऑटो-क्लीनच्या बटणावर बोट ठेवतो आणि सांगतो, "हे दाबलं की झालं, साफसफाईची कटकटच नाही." त्यातलं निम्मं खरं आहे. बटण दाबल्यावर चिमणीच्या आत खरोखरच सफाई होते, आणि तीही अशा जागी, जिथे आपला हात पोचत नाही. पण जिथे हात सहज पोचतो त्या जाळीला, म्हणजे पुढच्या स्टीलच्या फिल्टरला, ते बटण काहीच करत नाही. शिवाय ते ज्या तेलावर चालतं ते ताजं असावं लागतं. या दोन गोष्टी घरी नेणाऱ्याला कुणी सांगत नाही. मग वर्षभराने चिमणी गुरगुरायला लागते, धूर घरभर पसरतो आणि ऑटो-क्लीन ही फसवणूक आहे असं ठरतं. फसवणूक ती नाही. तिचं काम वेगळं आहे आणि वेळ वेगळी आहे.

तेल वर जातं कसं, इथून सुरुवात करू. कढल्यात तेल तापवून मोहरी टाकली, ती तडतडली, मग ओला कढीपत्ता पडला की चर्र आवाज होतो. पानावरच्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ तेलाचे बारीक कण उडवत बाहेर पडते. भजी तळताना पिठातलं पाणी हेच करतं, फक्त जास्त वेळ. मोठे थेंब शेगडीवर आणि ओट्यावर पडतात. अगदी सूक्ष्म कण मात्र गरम हवेबरोबर वर चढतात. तेल फार तापलं असेल तर थोडी तेलाची वाफही वर जाते आणि गार पत्रा लागला की तिथेच जमते. चिमणीत जाणारा धूर म्हणजे हवा, पाण्याची वाफ आणि हे तेलकण यांचं मिश्रण असतं.

बॅफल फिल्टरच्या चिमणीत हे मिश्रण आधी स्टीलच्या पट्ट्यांवर येतं. या पट्ट्या पन्हळीसारख्या वळवलेल्या असतात आणि समोरासमोर उलट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे हवेला आत शिरताना एकदम वळावं लागतं. हवा हलकी असल्यामुळे ती वळते. तेलाचा थेंब जड असल्यामुळे सरळ जातो आणि पत्र्यावर आपटून तिथेच चिकटतो. असे थेंब साठले की पन्हळीतून ओघळत खाली येतात. पण जे कण फारच बारीक असतात, ते हवेच्या वळणाबरोबर वळतात आणि जाळी ओलांडून पुढे जातात.

पुढे असतो ब्लोअर. एका गोल डब्यात पात्यांचं चाक वेगाने फिरत असतं. हवा मधून आत ओढली जाते आणि कडेने बाहेर फेकली जाते. फिरण्याच्या जोराने तेलकणही बाहेर भिरकावले जातात आणि डब्याच्या भिंतीवर जाऊन बसतात. काही पात्यांनाच चिकटतात. बिनफिल्टरच्या चिमण्यांमध्ये तर जाळीचं सगळं काम याच चाकावर सोपवलेलं असतं, म्हणून तिथे डब्यात जास्त तेल साठतं. डब्याच्या तळाला उतार आणि एक छोटी वाट ठेवलेली असते. त्या वाटेने तेल खाली येतं ते चिमणीच्या पोटाशी बसवलेल्या लहान कपात. हाच ऑइल कलेक्टर. तो कधी स्टीलचा असतो, कधी प्लास्टिकचा. काही ठिकाणी तो बाहेरून सरळ दिसतो, काही ठिकाणी पुढची काच किंवा फिल्टर काढल्यावर सापडतो. घरात चिमणी येऊन दोन वर्षं झाली तरी हा कप कुठे आहे हे माहीत नसलेली माणसं मला अनेकदा भेटतात, आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं, कारण पुढचं सगळं त्या कपापाशी येऊन थांबतं.

आता बटणाचं काम. ब्लोअरच्या डब्याला लागून विजेवर तापणारी एक कॉइल किंवा पट्टी असते. ऑटो-क्लीनचं बटण दाबल्यावर, बऱ्याच मॉडेलमध्ये ते काही सेकंद दाबून धरावं लागतं, ती पट्टी तापते आणि डब्याचा पत्रा गरम होतो. काही चिमण्यांमध्ये त्याच वेळी चाकही हळू फिरतं, काहींमध्ये आधी तापतं आणि मग चाक जोरात फिरून पात्यांवरचं सैल झालेलं तेल भिंतीवर फेकतं. साधारण दहा ते पंधरा मिनिटांत हे आवर्तन पूर्ण होतं आणि चिमणी आपोआप बंद होते. या वेळात पातळ झालेलं तेल त्या उतारावरून कपात येतं. खाली शेगडी पेटलेली असता कामा नये. वर तेल पातळ होऊन ओघळत असताना खाली ज्योत ठेवणं हे थेट आगीला बोलावणं आहे. स्वयंपाक संपला, गॅस बंद झाला, शेगडी थंड झाली, मगच बटण.

इथे एक गैरसमज आधी बाजूला काढला पाहिजे. उष्णतेने सफाई म्हटलं की लोकांना वाटतं, चिमणी तेल जाळून टाकत असेल. तसं करणारी यंत्रं आहेत. परदेशी स्वयंपाकघरांत काही ओव्हन स्वतःला सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि आतल्या डागांची राख करतात, मग ती राख पुसून काढायची. आपली चिमणी त्याच्या आसपासही जात नाही आणि जाऊही शकत नाही, कारण शेजारीच मोटर, वायरिंग आणि प्लास्टिकचे भाग आहेत. चिमणी तेल जाळत नाही, ते फक्त पातळ करते. नेहमीचं गोडं तेल ३० अंशांवरून ८० अंशांवर नेलं तर त्याचा घट्टपणा साधारण चौथ्या हिश्शावर येतो. पत्र्याला धरून बसलेला थर त्यामुळे वाहू लागतो. तूप, वनस्पती, पामतेल किंवा खोबरेल असेल तर फरक आणखी ठळक दिसतो, कारण हे स्निग्ध पदार्थ थंडीत गोठतात. डिसेंबरातल्या सकाळी नाशिकला किंवा पुण्याला डब्याच्या भिंतीवर त्यांचा पांढुरका थर बसलेला असतो, आणि थोडी उष्णता मिळाली की तो वितळून ओघळतो.

म्हणजे बटणाची सारी भिस्त एका गोष्टीवर आहे. तेल तापवल्यावर वाहायला हवं. आणि नेमकं हेच तेल कायम वाहतं राहत नाही.

ज्या घरात लोखंडी तवा आहे तिथे हे डोळ्यांसमोर असतं. तव्याला तेल लावून तापवत राहिलं की त्यावर एक काळा, गुळगुळीत, कोरडा थर चढतो. तो पुन्हा कितीही तापवला तरी तेल होऊन ओघळत नाही. खाद्यतेलाच्या रेणूंमध्ये काही जोड असे असतात, जिथे हवेतला ऑक्सिजन शिरकाव करू शकतो. तो शिरला की शेजारशेजारचे रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि सुट्या रेणूंचं एकसंध जाळं तयार होतं. जाळं झालेली वस्तू वितळत नाही. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात तो याच गुणासाठी, ते हवेत राहून कडक होतं. सूर्यफूल आणि सोयाबीनच्या तेलात असे जोड बरेच असतात, म्हणून ती चिमणीत लवकर चिकट होतात. शेंगदाणा तेलाला जास्त वेळ लागतो. खोबरेलात हे जोड फार थोडे, त्यामुळे कोकणात किंवा गोव्यात खोबरेलावर स्वयंपाक करणाऱ्या घरातला थर मऊ राहतो, मग तो जुना असला तरी. आणि स्वयंपाकघरात वर जाणारी उष्णता, पातळ थर आणि सतत खेळती हवा या तिन्ही गोष्टी हे गुंतणं वाढवणाऱ्याच आहेत.

चिमणीतल्या तेलाचं वय त्यामुळे तीन टप्प्यांत ओळखता येतं. पहिल्या काही दिवसांत ते ओलसर, ओशट असतं, बोट लावलं तर बोटावर येतं. मग ते मधासारखं तपकिरी आणि चिकट होतं, बोटाला ओढ लागते, धुळीचे आणि पिठाचे कण त्यात अडकलेले दिसतात. शेवटी ते पिवळट काचेसारखा कोरडा थर होतं, ज्यावर नख ओढलं तर चरा उमटतो, पण तेल बोटाला लागत नाही. ऑटो-क्लीन पहिल्या टप्प्यावर उत्तम चालतं, दुसऱ्यावर काही प्रमाणात, तिसऱ्यावर अजिबात नाही. उलट तिसऱ्या टप्प्यावर पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलं तर आपण तो थर आणखी भाजत असतो.

दिवाळीचं उदाहरण घेऊ. ठाण्यातलं चार माणसांचं घर आहे असं समजा. सूर्यफुलाचं तेल, दोन बॅफल फिल्टरची चिमणी, ऑटो-क्लीनसहित. फराळ चार संध्याकाळी होतो. एक दिवस शेव, एक दिवस चकली, मग शंकरपाळे आणि करंज्या. महिनाभराच्या फोडण्यांतून जेवढं तेल वर जात नाही तेवढं या चार संध्याकाळी जातं. या घराने काय करावं? तळण सुरू करण्याआधी पाच मिनिटं चिमणी लावावी, म्हणजे हवेचा ओढा आधीच तयार असतो. तळण संपल्यावर लगेच बंद करू नये, आणखी दहा मिनिटं चालू ठेवावी, आत तरंगणारे कण डब्यात थांबण्याऐवजी बाहेर जातात. दुसऱ्या दिवशी तळायला बसण्यापूर्वी कप पाहून घ्यावा. चौथ्या संध्याकाळनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, शेगडी थंड असताना ऑटो-क्लीन करावं. तेल तेव्हा अजून पहिल्या टप्प्यात असतं आणि कपात चांगली तांबूस धार उतरलेली दिसते. त्याच दिवशी दोन्ही जाळ्या काढून गरम पाण्यात टाकाव्यात.

हेच घर जर म्हणालं की आता पाहुणे येणार आहेत, सफाई तुळशीच्या लग्नानंतर पाहू, आणि मग ती संक्रांतीवर गेली, तर जानेवारीत बटण दाबल्यावर कपात दोन-चार थेंब येतील. यंत्र तेच, उष्णता तीच. तेल तेवढं बदललेलं असतं. नेहमीच्या स्वयंपाकासाठी मी महिन्यातून एकदा आणि रोज तळण असलेल्या घरासाठी दहा-पंधरा दिवसांतून एकदा ऑटो-क्लीन सुचवीन. चिमणी स्वतः आठवण करून देत असेल तर ती मानावी, पण सणाच्या तळणानंतर तिची वाट पाहू नये.

कपाकडे वळू. आवर्तन संपल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून, पत्रा कोमट असतानाच कप काढावा. फार गरम असताना काढला तर हात भाजेल, आणि दुसऱ्या दिवसावर ठेवला तर त्यातलं तेलही घट्ट होऊन तळाला धरेल. दोन्ही हातांनी, आडवा न करता, सरळ बाहेर घ्यावा. खाली ओट्यावर जुना पेपर पसरलेला असावा. आतलं तेल काळसर आणि वासाचं असतं. ते पुन्हा वापरायचा विचारही करू नये, आणि सिंकमध्येही ओतू नये. गार पाण्यात ते पाइपच्या वळणावर गोठून बसतं आणि पुढच्या महिन्यात प्लंबर बोलवावा लागतो. रद्दी पेपर किंवा लाकडाचा भुसा त्यात टाकून ते शोषून घ्यावं आणि सुक्या कचऱ्यात नाही, उरलेल्या निरुपयोगी कचऱ्यात टाकावं. कप साध्या भांड्याच्या साबणाने धुऊन, पूर्ण कोरडा करून परत बसवावा. बसवताना तो खाचेत नीट गेला की टक असा आवाज येतो किंवा तो हलत नाही. अर्धवट बसलेल्या कपाच्या कडेने तेल शेगडीवर ठिबकतं. कप अर्धा भरला की रिकामा करावा, काठोकाठ भरण्याची वाट पाहण्यात धोकाच आहे, कारण खालून ज्योत आहे आणि वरून तेल.

आता जाळी, जिच्यासाठी बटणाचा काहीच उपयोग नाही. इथे दुसरंच रसायन लागतं. उष्णता तेलाला फक्त पातळ करते, ते तेलच राहतं. साबण आणि सोडा तेलाचं रूप बदलतात. भांड्याचा साबण थेंबाभोवती गुंडाळला जातो आणि त्याला पाण्यात सुटा ठेवतो. धुण्याचा सोडा त्याहून पुढे जातो. तळून तळून जुनं झालेल्या तेलात मोकळी स्निग्धाम्लं बरीच असतात. सोडा त्यांना भिडला की तिथल्या तिथे साबण बनतो आणि जुन्या थराची पकड सैल होते. दुसऱ्या टप्प्यातला चिकट थर म्हणूनच हातधुणीने सहज जातो, तिसऱ्यातलाही भिजवून बराच निघतो.

मोठ्या टबात पाच लिटर गरम पाणी घ्यावं, हात जरा बुडवता येईल इतपत नाही, त्याहून गरम, साधारण ६० अंशांचं. त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि एक चमचा भांड्याचं लिक्विड. रबरी हातमोजे घालावेत, सोडा कातडी कोरडी करतो. जाळ्या उभ्या करून वीस ते तीस मिनिटं भिजत ठेवाव्यात. मग नायलॉनच्या ब्रशने पट्ट्यांच्या आतल्या वळणापर्यंत घासाव्यात. तारेची घासणी वापरू नये, तिच्या चऱ्यांत पुढचं तेल अधिक घट्ट बसतं. भरपूर पाण्याने धुऊन, तिरप्या ठेवून पूर्ण वाळू द्याव्यात. ओल्या जाळीने चिमणी लावली तर ते पाणी ब्लोअरपर्यंत जाऊ शकतं.

मात्र आधी चुंबक लावून पाहा किंवा मॅन्युअल बघा, जाळी स्टीलची आहे का. चुंबक चिकटला तर स्टील नक्की. नाही चिकटला तरी ती स्टीलची असू शकते, कारण चांगल्या प्रतीचं काही स्टील चुंबक धरत नाही, म्हणून खात्री मॅन्युअलमधूनच करावी. जुन्या चिमण्यांमधल्या अनेक पदरी विणलेल्या जाळ्या बहुधा अॅल्युमिनियमच्या असतात. अॅल्युमिनियमला सोडा चालत नाही. तो धातूलाच खातो, पाण्यात बुडबुडे येतात आणि जाळी काळवंडते. तिला फक्त गरम पाणी आणि भांड्याचा साबण. आणि सोडा-व्हिनेगर एकत्र करून फसफस करण्याचा जो उपाय सगळीकडे सांगितला जातो, तो मला पटत नाही. आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी.

ब्लोअरच्या आत मात्र कुठलाही स्प्रे, सोडा किंवा पाणी घरी मारू नये. तिथे मोटर आहे, तापणारी पट्टी आहे, विजेची जोडणी आहे. बाहेरची काच, हूडची आतली बाजू आणि बिनफिल्टरच्या चिमणीत पुढची झाकणाची प्लेट कोमट साबणाच्या फडक्याने पुसावी. हे भागही ऑटो-क्लीनच्या आवाक्याबाहेरच आहेत, आणि बाहेर जाणारा पाइपही.

ऑटो-क्लीन केलं आणि कप कोरडाच निघाला, तर घाबरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात. गेल्या सफाईला पंधराच दिवस झाले असतील आणि घरात तळण झालं नसेल, तर कप रिकामा असणं ठीकच आहे. दुसरं, आवर्तन चालू असताना चिमणीजवळ उभं राहून वास घ्यावा. तापलेल्या तेलाचा किंचित वास आणि आवर्तन संपल्यावर पत्र्याला ऊब असेल तर पट्टी तापते आहे. पत्रा पूर्ण थंड असेल, तर पट्टी, तिचा फ्यूज किंवा सर्किट बोर्ड बिघडला असण्याची शक्यता आहे. तिसरं, पत्रा गरम आहे, वास आहे, पण कपात काही नाही आणि आवाज मात्र वाढलेला आहे, तर एक तर वाट तुंबली आहे किंवा तेल तिसऱ्या टप्प्यात गेलं आहे. ब्लोअरच्या पात्यांवर थर एकसारखा बसत नाही, एका बाजूला जास्त साठतो, म्हणून चाक हेलकावत फिरतं आणि चिमणी थरथरते. हूडखाली वर्तमानपत्राचं एक पान धरून पाहावं. निरोगी चिमणी ते ओढून धरते. जाळ्या नुकत्या धुतलेल्या असूनही पान गळून पडत असेल, तर अडथळा आत किंवा पाइपात आहे. बसवतानाच चिमणी एका बाजूला झुकली असेल, तर तेल कपाऐवजी दुसऱ्या कोपऱ्यात साठतं, हेही होतं. ओट्यावर एकाच जागी रोज तेलाचा डाग दिसत असेल तर लेव्हल तपासायला सांगावं.

अशा वेळी टेक्निशियनला बोलावताना 'सर्व्हिस' एवढंच न सांगता 'ब्लोअर काढून धुवायचा आहे' असं स्पष्ट सांगावं. नाहीतर बरेचदा जाळी पुसून, काच चमकवून आणि बटण दाबून दाखवून काम संपतं. वीज बंद करून ब्लोअर खाली उतरवला जातो, चाक डब्यातून सुटं होतं, ते स्वतंत्र भिजवलं जातं, मोटर कोरडी ठेवून फक्त पुसली जाते. परत बसवल्यावर चाक हाताने फिरवून ते कुठे घासत नाही ना, हे त्याच्यासमोरच पाहून घ्यावं, आणि डब्यातून कपाकडे जाणाऱ्या वाटेत चमचाभर कोमट पाणी सोडायला सांगावं. ते कपात उतरलं की वाट मोकळी आहे.